नकाशासंग्रहातले मराठी शब्द : द्वीपकल्प, पठार, त्रिभुज प्रदेश, अक्षांश – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेतल्या मुलांना मी बरीच वर्षं भूगोल शिकवतो आहे. सेमी-इंग्रजीची मुलं, इंग्रजी माध्यमातून मराठीकडे आलेली मुलं आणि स्पर्धा परीक्षांसाठी हिंदी पुस्तकं वाचणारे मोठे विद्यार्थी, हे सगळे नकाशासंग्रह उघडला की साधारण त्याच त्याच शब्दांपाशी अडतात. कधी शब्द अनोळखी असतो. कधी ओळखीचा असतो, पण घरात त्याचा अर्थ एक आणि नकाशात दुसरा. त्यांनी मला विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. वाचताना शेजारी नकाशासंग्रह आणि मोजपट्टी असू द्या.

पेनिन्सुलाला मराठीत द्वीपकल्प का म्हणतात? कल्प म्हणजे युग ना?

कल्पाचा तोही एक अर्थ आहे, पण इथे तो लागू नाही. संस्कृतात एखाद्या शब्दाच्या शेवटी ‘कल्प’ आला की त्याचा अर्थ होतो ‘जवळजवळ तसा, थोडासा कमी’. जवळजवळ ऋषीच असलेल्या माणसाला आपण ऋषिकल्प म्हणतो. त्याच चालीवर जवळजवळ द्वीप असलेला भूभाग म्हणजे द्वीपकल्प. बेट व्हायला त्याला एकच बाजू कमी पडते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही अगदी हाच आहे, ‘जवळजवळ बेट’.

म्हणून मी मुलांना ‘तीन बाजूंनी पाणी’ ही व्याख्या पाठ करायला लावत नाही. बोटाने किनारा गिरवायला सांगतो. बोट पाण्याच्या कडेकडेने बराच वेळ फिरतं आणि एका ठिकाणी जमिनीत शिरतं. बोट जमिनीत शिरलं ती जागा सापडली की द्वीपकल्प कळलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर करून पाहा. कच्छच्या आखातातून निघालेलं बोट द्वारकेला वळसा घालून खंबातच्या आखातापर्यंत येतं आणि वर अडतं. अरबस्तानाचं द्वीपकल्प असंच गिरवता येतं. आकार लहानमोठा असला तरी खूण तीच.

हिंदी पुस्तकात ‘प्रायद्वीप’ आहे. ते चूक का?

चूक नाही. हिंदीने ‘प्राय’ पुढे लावला, मराठीने ‘कल्प’ मागे लावला. अर्थात फरक नाही. मात्र मराठीच्या उत्तरपत्रिकेत द्वीपकल्पच लिहा.

मग आयलंडला मराठीत द्वीप न म्हणता बेट का म्हणतात?

बोलण्यात रुळलेला शब्द बेट आहे. बांबूच्या दाट जाळीलाही आपण बेटच म्हणतो, आणि पाण्यात उठून दिसणारी जमीन खरंच तशी दिसते. द्वीप हा शब्द नावांत राहिला. लक्षद्वीपमध्ये तो सरळ दिसतो, तर दीवमध्ये झिजलेल्या रूपात. ‘द्वीपसमूह’ आणि ‘बेटांचा समूह’ हे दोन्ही नकाशांत आढळतात. त्यांत फरक शोधत बसू नका.

‘भारतीय द्वीपकल्प’ आणि ‘द्वीपकल्पीय पठार’ एकच आहेत का?

नाहीत. दोन्ही शब्द नकाशात शेजारी-शेजारी येत असल्याने गोंधळ होतो. द्वीपकल्प हे किनाऱ्याच्या आकाराचं नाव आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला बंगालचा उपसागर, दक्षिणेला हिंदी महासागर, आणि मधला निमुळता होत कन्याकुमारीपर्यंत गेलेला भाग. द्वीपकल्पीय पठार हे त्या भागातल्या जुन्या, कठीण खडकाच्या उंच प्रदेशाचं नाव आहे. हा खडक किनाऱ्याच्या आकाराशी बांधलेला नाही.

याची सर्वांत चांगली परीक्षा म्हणजे मेघालय. मेघालयाचं पठार समुद्रापासून दूर आहे, त्याच्या कोणत्याही बाजूला समुद्र नाही, तरी भूगोलाच्या पुस्तकात ते द्वीपकल्पीय पठाराचाच भाग मानलं जातं. कारण खडक तोच आहे. राजमहल टेकड्या आणि गारो टेकड्या यांच्यामधला भाग खचला आणि त्यावर नद्यांचा गाळ साचला, म्हणून आज तो तुकडा वेगळा दिसतो. उलट केरळची किनारपट्टी द्वीपकल्पात येते, पण ती पठार नाही. हे दोन मुद्दे लक्षात राहिले तर त्या दोन शब्दांची गल्लत होणार नाही.

प्राकृतिक नकाशात पठार कोणत्या रंगाने दाखवतात?

पठाराला स्वतःचा रंग नसतो. रंग उंची सांगतात, आकार सांगत नाहीत. सखल भाग हिरवा, त्याहून उंच पिवळा, मग तपकिरी, आणि अतिउंच भाग गडद तपकिरी, जांभळट किंवा पांढरा, अशी साधारण पद्धत असते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची ४,५०० मीटरहून जास्त, त्यामुळे ते गडद रंगात येतं. दख्खनचं पठार त्यामानाने खूप बुटकं असल्यामुळे पिवळ्या आणि फिकट तपकिरी रंगांत येतं. दोन्ही पठारंच आहेत.

मग ओळखायचं कसं? रंग किती पसरला आहे आणि कडेला किती पटकन बदलतो, ते पाहायचं. मुंबईजवळच्या किनाऱ्यावर बोट ठेवा आणि सरळ पूर्वेला न्या. आधी हिरव्याची अरुंद पट्टी लागेल. मग काही मिलिमीटरांतच रंग एकदम तपकिरी होईल. तो सह्याद्रीचा कडा. त्यापुढे मात्र रंग घाईने हिरव्यावर येत नाही. पुणे सुमारे ५६० मीटरवर, आणि तिथून कितीतरी पूर्वेला असलेलं नागपूर सुमारे ३१० मीटरवर. एवढ्या अंतरात उतार जेमतेम अडीचशे मीटरांचा. एका बाजूला तुटलेला कडा आणि दुसरीकडे लांबवर पसरत गेलेला मंद उतार, हीच दख्खनच्या पठाराची ओळख. पर्वतरांगेवर असं बोट फिरवलंत तर रंग चढतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच पटकन उतरतो.

कोकणातल्या मुलांना मी ‘सडा’ आठवायला सांगतो. जांभ्या दगडाचा सपाट माथा आणि कडेला एकदम उतार. ते लहानसं पठारच आहे. नकाशाच्या प्रमाणात मावत नाही एवढंच.

नकाशात ‘पश्चिम घाट’ लिहिलं आहे, पण घाट म्हणजे तर रस्ता ना?

मराठी माणसाच्या तोंडी घाट म्हणजे डोंगर चढून जायची वाट. बोर घाट, थळ घाट ही त्या वाटांची नावं. डोंगराचं नाव सह्याद्री. पुढे वाटेचं नाव अख्ख्या रांगेला चिकटलं आणि देशभराच्या नकाशांत ‘पश्चिम घाट’ छापलं गेलं. नकाशात दोन्ही नावं दिसली तर ती एकाच रांगेची समजा.

डेल्टाला त्रिभुज प्रदेश म्हणतात, पण नकाशात सगळे डेल्टा त्रिकोणी दिसत नाहीत. असं का?

नाव एका नदीवरून पडलं आणि सगळ्या नद्यांना लागू झालं. नाईल समुद्राला मिळते तिथला गाळाचा प्रदेश ग्रीकांना त्यांच्या डेल्टा या अक्षरासारखा, म्हणजे त्रिकोणासारखा दिसला. मराठीने अक्षर बाजूला ठेवलं आणि आकाराचं नाव घेतलं. त्यामुळे शब्द चित्रासारखा डोळ्यांपुढे येतो, पण त्याच चित्रामुळे मुलं फसतात. मिसिसिपीचा त्रिभुज प्रदेश पक्ष्याच्या पसरलेल्या पंजासारखा आहे. तरीही तो त्रिभुज प्रदेशच.

त्रिकोण शोधू नका, नदीचे फाटे शोधा. नदी संथ झाली की वाहून आणलेला गाळ खाली टाकते. तो गाळ तिच्याच वाटेत येतो, मग पाणी बाजूने फुटतं, पुन्हा गाळ साचतो, पुन्हा फुटतं. समुद्राच्या लाटा आणि भरती-ओहोटी नेतात त्यापेक्षा जास्त गाळ नदी आणत असेल, तरच तो प्रदेश वाढत जातो. कांगो ही आफ्रिकेची प्रचंड नदी आहे, पण तिच्या मुखाशी असा प्रदेश दिसत नाही, कारण मुखापासूनच समुद्रतळावर खोल घळ सुरू होते आणि गाळ त्यातून खोल पाण्यात निघून जातो.

उपनदी आणि वितरिका यांत गोंधळ होतो. नकाशात दोन्ही फाट्यासारख्याच दिसतात.

निळ्या रेघा सारख्याच दिसतात हे खरं. म्हणून आधी नदी कुठून कुठे वाहते ते ठरवा, मग त्याच दिशेने बोट चालवा. गोदावरी घेऊ.

त्र्यंबकेश्वरजवळ सुरुवात करा. तिथून अरबी समुद्र फार दूर नाही, पण नदी पूर्वेकडे वळते आणि १,४६५ किलोमीटर जाते. वाटेत उजवीकडून प्रवरा आणि मांजरा येतात, डावीकडून पूर्णा, प्राणहिता आणि इंद्रावती. या प्रत्येक ठिकाणी दोन रेघांची एक होते. या उपनद्या. आता राजमहेंद्रीच्या खाली या. धवळेश्वरमपाशी उलटं घडतं. एका रेघेच्या दोन होतात, एक गौतमी आणि दुसरी वसिष्ठा, आणि त्या बंगालच्या उपसागराकडे वेगवेगळ्या जातात. या वितरिका. जिथे पहिली वितरिका फुटते तिथे त्रिभुज प्रदेशाचं टोक असतं. तिथून किनाऱ्यापर्यंतचा भाग पेन्सिलीने रंगवला की गोदावरीचा त्रिभुज प्रदेश कागदावर उमटतो.

उताराच्या दिशेने बोट चालवत असताना रेघा जुळत असतील तर उपनदी आणि फुटत असतील तर वितरिका. मुलं चुकतात ती बोट समुद्राकडून डोंगराकडे नेल्यामुळे. तेव्हा सगळंच उलटं दिसतं.

नर्मदा आणि तापीला त्रिभुज प्रदेश का नाही? पुस्तकात त्यांच्या मुखाशी ‘खाडी’ लिहिलं आहे.

या दोन्ही नद्या खचदरीतून, बराचसा कठीण खडकांमधून पश्चिमेला येतात. त्यांच्या मुखाशी खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर फार मोठा आहे, त्यामुळे गाळ एका जागी टिकून साचत नाही. नदीचं मुख रुंद आणि उघडं राहतं आणि भरतीचं पाणी आत शिरतं. अशा मुखाला मराठीत खाडी म्हणतात. कोकणातल्या नद्या तर लांबीने लहान आणि उताराने तीव्र, त्यामुळे तिथे खाड्यांची रांगच लागलेली आहे.

मग ‘बंगालची खाडी’ म्हणायला काय हरकत आहे? बातम्यांत ऐकलं आहे.

मोठी हरकत आहे, आणि या चुकीबद्दल मी वर्गात सगळ्यांत जास्त बोलतो. हिंदीत खाडी म्हणजे समुद्राचा जमिनीत शिरलेला मोठा भाग. मराठीत खाडी म्हणजे भरतीचं खारं पाणी जिथवर आत येतं ते नदीचं मुख किंवा समुद्राचा अरुंद फाटा. ठाण्याच्या खाडीवर पूल आहे आणि लोक रोज तो ओलांडून कामावर जातात. बंगालच्या उपसागराला पार करायला जहाजाला कितीतरी दिवस लागतात. एकाच शब्दात दोन्ही कोंबले तर खाडी या शब्दाने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे येतं तेच पुसलं जातं.

मराठी नकाशात यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. विस्तीर्ण आणि तोंड उघडं असेल तर उपसागर, जसा बंगालचा. समुद्र जमिनीत खोल शिरला असेल तर आखात, जसं कच्छचं, खंबातचं, मन्नारचं, इराणचं. म्हणूनच तिकडच्या देशांना आपण आखाती देश म्हणतो. दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची चिंचोळी पट्टी ती सामुद्रधुनी, जशी पाल्कची. हिंदीत हिला ‘जलडमरूमध्य’ म्हणतात, तो शब्द मराठी उत्तरात नको. खंबातचं आखात आणि हिंदी नकाशातली ‘खंभात की खाड़ी’ ही एकच जागा आहे, हे मात्र ध्यानात ठेवा, नाहीतर दोन नकाशे शेजारी ठेवल्यावर दोन जागा शोधत बसाल.

अक्षांश आणि अक्षवृत्त यांत फरक काय? इंग्रजीत तर दोन्हीला लॅटिट्यूडच म्हणतात.

अंश म्हणजे डिग्री. अक्षांश हा कोन आहे. पृथ्वीच्या केंद्रापाशी, विषुववृत्ताच्या पातळीपासून एखादं ठिकाण किती अंश वर किंवा खाली आहे, ते तो सांगतो. अक्षवृत्त ही रेषा आहे, एकाच अक्षांशावरची सगळी ठिकाणं जोडणारं वर्तुळ. एक आकडा, दुसरी आकृती. ‘नागपूरचा अक्षांश’ म्हणता येतं, ‘नागपूरचं अक्षवृत्त’ असं सहसा कोणी म्हणत नाही. कर्कवृत्त, मकरवृत्त आणि विषुववृत्त या नावांत ‘वृत्त’ आहे कारण ती वर्तुळं आहेत.

इंग्रजीतही वर्तुळासाठी ‘पॅरलल’ असा वेगळा शब्द आहे, पण बोलताना तो गळतो. मराठीत हा भेद प्रत्येक वेळी शब्दातच दिसतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. फक्त ९०° ला जपा. तिथे वर्तुळ उरत नाही, ध्रुव हा बिंदू असतो.

नकाशासंग्रहाच्या सूचीत ‘नागपूर २१°०९′ उ. ७९°०५′ पू.’ असं आहे. हे नकाशावर नेमकं कसं शोधायचं?

पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. उ. म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला, पू. म्हणजे मूळ रेखावृत्ताच्या पूर्वेला.

समजा भारताच्या नकाशावर दर ५ अंशांनी रेषा आहेत आणि २०° व २५° या अक्षवृत्तांमध्ये मोजपट्टीने ५० मिलिमीटर अंतर भरतं. म्हणजे १ अंशाला १० मिलिमीटर. आता २१°०९′ मधली ०९′ म्हणजे ९ मिनिटं. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ९ मिनिटं म्हणजे ०.१५ अंश. नागपूर २०° च्या वर १.१५ अंश, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरवर येईल.

रेखांशासाठी ८०° कडून मागे येणं सोपं. ७९°०५′ म्हणजे ८०° ला ५५ मिनिटं कमी. त्या उंचीवर ७५° आणि ८०° यांच्यातलं अंतर मात्र ५० मिलिमीटर नसतं. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना जवळ येतात, म्हणून इथे ते सुमारे ४७ भरेल. ५५ मिनिटं म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटर. ८०° च्या डावीकडे ९ मिलिमीटर आणि २०° च्या वर साडेअकरा. तिथेच नागपूरचा ठिपका सापडला पाहिजे. भारताच्या नकाशात अक्षवृत्तं थोडी वाकलेली असतात, म्हणून पट्टी कागदाच्या कडेला समांतर न धरता जवळच्या रेखावृत्ताला समांतर धरा.

सगळ्यात जास्त चूक होते ती २१°०९′ ला २१.९ वाचण्याची. एका मुलीचा ठिपका दर वेळी १९ मिलिमीटरवर यायचा आणि ती पुन्हा पुन्हा पट्टी बदलून पाहायची. पट्टीचा दोष नव्हता. तिने मिनिटांना दशांश धरलं होतं. अक्षांशाच्या एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर पडतात, म्हणजे या चुकीत नागपूर ८० किलोमीटरहून जास्त उत्तरेला सरकतं. फोनवरच्या नकाशात हाच अक्षांश २१.१५ असा दशांशात येतो. सूची आणि फोन यांचा मेळ बसत नसेल तर आधी हेच तपासा.

उत्तर पडताळायचं असेल तर कर्कवृत्त पाहा. ते सुमारे २३°३०′ वर आहे, नागपूरच्या उत्तरेला सुमारे २°२१′, म्हणजे सुमारे २६० किलोमीटर. तुमचा ठिपका कर्कवृत्ताला चिकटलेला असेल तर कुठेतरी चुकलं आहे.

रेखावृत्त हे पूर्ण वर्तुळ असतं का?

नाही. शब्दात ‘वृत्त’ असलं तरी रेखावृत्त उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंतचं अर्धवर्तुळ असतं. तसंच धरावं लागतं, कारण पलीकडच्या अर्ध्या भागाचा रेखांश वेगळा असतो. ०° च्या समोर १८०° येतो. पृथ्वीला १ रेखांश फिरायला ४ मिनिटं लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरते. ८२.५ ला ४ ने गुणलं की ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास येतात.

‘आंतरराष्ट्रीय वाररेषा’ म्हणजे डेट लाइनच का? तारीखरेषा का नाही?

तीच. मराठीने इथे वाराला पकडलं. ती रेषा ओलांडली की वार बदलतो, आणि अर्थात तारीखही. आशियाकडून अमेरिकेकडे जाताना सोमवार असेल तर पलीकडे रविवार. हिंदीत तिला ‘तिथि रेखा’ म्हणतात. मराठीत तिथी म्हटलं की पंचांगातली प्रतिपदा-द्वितीया डोळ्यांपुढे येते आणि तिचा या रेषेशी काही संबंध नाही, म्हणून वाररेषाच बरी. नकाशात ही रेषा १८०° रेखावृत्ताला धरून जाते, पण सरळ जात नाही. एकाच देशात एकाच वेळी दोन वार येऊ नयेत म्हणून ती वळवलेली आहे. किरिबाटी या बेटांच्या देशाने १९९५ मध्ये ती पूर्वेला सरकवून घेतली, म्हणून नव्या नकाशात तिथे मोठा फुगवटा दिसतो. त्याआधीच्या नकाशासंग्रहात तो सापडणार नाही.

लिहिताना कोणत्या शब्दांत हमखास चूक होते?

द्वीपकल्पात ‘द्वी’ दीर्घ आहे. विषुववृत्तात ‘षु’ आहे, ‘विषववृत्त’ नाही. सामुद्रधुनीत ‘सा’ला काना आहे आणि ‘धु’ ऱ्हस्व. आणि नकाशावर नावं भरताना नदीचं नाव तिच्या वाहण्याच्या रेषेवर, पठाराचं नाव त्याच्या पसरलेल्या भागावर अक्षरं सुटी करून, आणि आखाताचं नाव पाण्यात लिहा. किनाऱ्यावर अर्धं जमिनीत, अर्धं पाण्यात लिहिलेलं ‘खंबातचे आखात’ तपासणाऱ्याला जमिनीचं नाव वाटतं.